मदत हवी आहे: आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं एस्टिमेट आलंय, खरं बिल किती होईल?

आईच्या (वय ६७, मधुमेह आहे) उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट पुढच्या महिन्यात करायचं ठरतंय. पुण्यातल्या हॉस्पिटलने लेखी एस्टिमेट दिलं, सिंगल रूमचं:

रूम ८,००० प्रमाणे ५ दिवस: ४०,०००
सर्जन आणि असिस्टंट: ९०,०००
भूलतज्ज्ञ: २५,०००
ओटी: ४५,०००
इम्प्लांट: ७५,०००
औषधं, कन्झ्युमेबल्स: ४५,०००
तपासण्या: १५,०००
फिजिओ: ५,०००
एकूण ३,४०,०००

खाली बारीक अक्षरात लिहिलंय: "आयसीयू, रक्त, इतर तज्ज्ञांच्या व्हिजिट्स व अधिक मुक्काम यात धरलेला नाही." पॉलिसी ५ लाखांची, बरीच जुनी, वेटिंग पीरियड संपलेला आहे. रूमची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ५,०००. माझा हिशोब असा की रूमचे रोजचे ३,००० वरचे आपण भरायचे, म्हणजे १५,०००. बरोबर ना?

सातारी_कंदी: काळजी नको. २०१७ पासून सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातलीय. मनमानी करता येत नाही, बिल फार वाढणार नाही.

बिलिंगवाला: मी एका हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर होतो. सातारी, ती मर्यादा फक्त इम्प्लांटवर आहे. सर्जनची फी, ओटी, रूम यांना ती लागू नाही.

धागाकर्ते, तुमच्या १५,००० च्या हिशोबातच खरी मेख आहे. बहुतेक हॉस्पिटलांत रूम बदलली की सर्जन, भूल, ओटी सगळ्यांचे दर बदलतात. त्यामुळे मर्यादेपेक्षा महाग रूम घेतली की विमा कंपनी हे खर्चही त्याच प्रमाणात कापते. तुमचं प्रमाण ५,००० भागिले ८,०००, म्हणजे साडेबासष्ट टक्के. सर्जन, भूल, ओटी मिळून १,६०,०००. त्यातले १ लाख कंपनी देईल, ६० हजार तुमच्या खिशातून. रूमचे १५,००० धरून ७५,०००. ५,००० च्या वर रूम असली की रूमभाड्यावर ५ टक्के जीएसटीही लागतो, तुमच्या बाबतीत २,०००.

इम्प्लांट, औषधं, कन्झ्युमेबल्स आणि तपासण्या यांवर ही कपात करता येत नाही; तसा विमा नियामकाचा २०२० चा आदेश आहे. रूमप्रमाणे दर बदलत नाहीत अशा हॉस्पिटलमध्येही करता येत नाही. म्हणून बिलिंगला थेट विचारा, "ट्विन शेअरिंगमध्ये सर्जन फी आणि ओटी किती?" आणि ते एस्टिमेट लेखी घ्या. पॉलिसीत "असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस" हे शब्द शोधा, कपातीचं कलम तिथेच सापडेल.

माहेरची_वाट: आमच्या बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं तेव्हा कॅशलेसची पहिली मंजुरी एस्टिमेटच्या निम्मीच आली होती! आम्ही रात्रभर पैसे जमवत बसलो. तुमचंही तसंच होणार, आधीच सोय करा.

बिलिंगवाला: पहिली मंजुरी बऱ्याचदा अर्धवटच असते. डिस्चार्जच्या वेळी अंतिम बिल पाठवून वाढीव मंजुरी मागतात. तेवढ्याने घाबरू नका, डिपॉझिट किती मागतात ते मात्र आधी विचारून ठेवा.

धागाकर्ता: ७५ हजार! हे बिलिंगच्या बाई बोलल्याच नाहीत. बारीक अक्षरातल्या ओळीचं काय?

बिलिंगवाला: आईंना मधुमेह आहे म्हणून ती ओळ तुमच्यासाठी महत्त्वाची. साखर चढलेली असेल तर फिजिशियन रोज येणार, त्याची व्हिजिट वेगळी. कधी पहिली रात्र आयसीयूत ठेवतात. जखम ओली राहिली तर मुक्काम वाढतो, आणि मुक्कामाबरोबर नर्सिंग, औषधंही. ऑपरेशनआधी एचबीएवनसी करून साखर आटोक्यात आणा. जास्त आली तर चांगले सर्जन तारीख पुढे ढकलतात, तेच बरं. आयसीयूच्या एका दिवसाचा आणि फिजिशियनच्या एका व्हिजिटचा दर एस्टिमेटवरच लिहून मागा.

कन्झ्युमेबल्सच्या ४५ हजारांतही हातमोजे, मास्क, डायपर अशा वस्तू बऱ्याच पॉलिसी देत नाहीत. आणि इम्प्लांटच्या डब्यावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेत का ते डिस्चार्जआधी बघा. त्यांच्यावर कंपनी आणि बॅच असते, क्लेमला ते आणि इम्प्लांटचं बिल दोन्ही लागतात.

नवी_मुंबईची: एक विचारू का? आम्हाला सांगितलं की रोबोटने केलं तर अचूक होतं, पण त्याचे पैसे वेगळे. ते विमा देतो का?

बिलिंगवाला: काही पॉलिसींत रोबोटिकला वेगळी कमाल रक्कम असते, तुमच्या पॉलिसीत बघावं लागेल. वैद्यकीय फायदा किती ते सर्जनलाच विचारा, मी बिलांचा माणूस.

धागाकर्ता: भाऊ म्हणतो आईला सिंगलच हवी, रात्री तिच्यासोबत कुणीतरी झोपेल. ट्विनमध्ये सोबतीला राहू देतात का, आणि दर किती, दोन्ही उद्या विचारतो. आकडे आले की इथेच टाकतो.