मदत हवी आहे: फोटो बघून दहा मिनिटांत कविता
रविवारी सदाशिव पेठेतल्या एका स्पर्धेत पडद्यावर फोटो दाखवला: जुना वाडा, दाराला गंजकं कुलूप. वेळ दहा मिनिटं. मी अष्टाक्षरी धरली. 'वाड्याच्या दारी कुलूप' ही ओळ लगेच जमली, जोडाक्षर एकच मोजून बरोबर आठ अक्षरं. पुढे खिडकी, कौलं, जिना असं दिसेल ते लिहीत गेले. कविता कसली, पंचनामाच तो! सातव्या मिनिटाला उंबऱ्यापाशी ताजी रांगोळी दिसली. बंद दारापुढे ती घातली कोणी? कविता तिथेच होती. पण 'रांगोळी'ला यमक शोधण्यातच (आंघोळीशिवाय काही सुचेना) घंटा वाजली.

तुम्ही आधी किती मिनिटं नुसतं बघता? एवढ्या वेळात यमक सोडून सरळ मुक्तछंद धरावा का? पुढची फेरी शनिवारी आहे.