अनुभव धागा: हाताच्या फोटोवर टॅटू बसवून बघताना

लोकमान्यनगरकर

इंदूरमधल्या आणि बाहेरच्याही मंडळींना आमंत्रण. हाताचा फोटो काढून त्यावर टॅटूची नक्षी बसवून बघतात, त्याबद्दल ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी लिहावं. गप्पा भरकटू नयेत म्हणून एकच उदाहरण देतो. उजव्या हाताची आतली बाजू, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये. नक्षी तुळशीवृंदावनाची, जुन्या गोंदणावरून घेतलेली, 6 सेंटिमीटर रुंद आणि 9 उंच. नुसत्या रेषा, सावली-बिवली नाही, मध्ये पणत्या. चौथऱ्याला एकाखाली एक पाच रेषा, दोन रेषांमध्ये 1 मिलिमीटर जागा. वर्ण सावळा. हाताचा घेर कोपराखाली 24 सेंटिमीटर, मनगटाशी 16. फोटोवर चिकटवली की नक्षी छानच दिसते. हातावर तशीच दिसेल का, एवढाच प्रश्न.

रेघोट्या

आधी फोटोचं बघू, कारण निम्मी फसवणूक तिथेच होते. फोन हाताच्या जवळ नेऊन फोटो काढला की जवळचा भाग फुगतो आणि मनगट काडीसारखं दिसतं. मीटर-सव्वा मीटर लांब उभं राहून 2x वर काढा. हात टेबलावर पसरू नका, उभं राहून सैल सोडा, तळवा मांडीकडे. माणूस दिवसभर हात तसाच ठेवतो आणि लोकांनाही तो तसाच दिसतो. दुसरा फोटो तळवा समोर करून. दोन्ही शेजारी ठेवले की मनगटाकडचा भाग किती पिळला जातो ते कळेल. कोपराजवळची कातडी फारशी फिरत नाही, मनगटाजवळची बरीच फिरते. एका फोटोत सरळ उभं असलेलं वृंदावन दुसऱ्या फोटोत कलंडतं ते यामुळेच.

उजेड खिडकीचा घ्या, ऊन थेट नको. सावळ्या हाताच्या बाबतीत फोनची एक खोड कायम लक्षात ठेवायची: तो कातडी आपणहून उजळ करतो. ब्युटी मोड बंद करा, पडद्यावर दिसणाऱ्या हातावर बोट टेकवून एक्स्पोजर खाली ओढा, आणि फोटोतला हात खऱ्या हाताशी जुळेपर्यंत थांबा. उजळलेल्या हातावर रेष ठसठशीत दिसते, पण खऱ्या हातावर तेवढा फरक नसतो.

आणि एटीएम कार्ड हातावरच टेकवून एक फोटो काढा. टेबलावर ठेवलेलं कार्ड कॅमेऱ्यापासून हातापेक्षा लांब असतं, मग माप चुकतं. कार्डाची लांबी 85.6 मिलिमीटर असते. फोटोत ती 1284 पिक्सेल भरली, तर एका मिलिमीटरला 15 पिक्सेल झाले, म्हणजे 6 सेंटिमीटरची नक्षी 900 पिक्सेल रुंद ठेवायची. अंदाजाने ओढून मोठी करायची नाही.

पोहे_जिलबी

एवढी झंझट कशाला, भिया! नक्षीची पीएनजी घ्या, फोटोवर टाका, ओपॅसिटी 70 करा. शाई कातडीत मुरल्यासारखी दिसते. सगळे असंच करतात.

रेघोट्या

सगळे करतात हे खरं, आणि काळा थोडा उतरवायला हवा हेही बरोबर. पण पीएनजीतला काळा शुद्ध नसेल किंवा पार्श्वभूमी पांढरी असेल, तर लेयर Normal ठेवून ओपॅसिटी उतरवली की कातडीवर धुरकट पापुद्रा चढतो, खालची लव आणि बारीक सुरकुत्या पुसट होतात. लेयर Multiply वर ठेवा. शाई वरच्या कातडीच्या खाली असते आणि आपण ती त्या कातडीतून बघतो. Multiply मध्ये कातडीचा रंग शाईत मिसळतो, त्यामुळे ते या प्रकाराच्या बरंच जवळ जातं.

मात्र तिथेही शुद्ध काळा वापरला की रेष स्टिकरसारखी दिसते. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच, त्यामुळे हातावरची चकाकी रेषेच्या जागी गायब होते. खऱ्या हातावर चकाकी कातडीच्या वरच्या थरातून येते, ती टॅटूवरूनही येणार. म्हणून रंग काळ्याऐवजी गडद करडा घ्या, लाल-हिरवा-निळा तिन्ही 40-45 च्या आसपास. ताजा टॅटू याहून काळाकुट्ट दिसेल, पण बघायचंय ते महिना-दीड महिन्यानंतरचं रूप.

सुदामानगरची_आत्या

गोंदणाचा विषय निघाला म्हणून विचारते. आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या हातावरचं गोंदण हिरवं-निळं दिसतं. त्या काळी हिरवी शाई मिळायची का? आणि पोरीच्या लग्नात नको वाटलं तर हे फोटोवरचं काढता येतं ना?

रेघोट्या

आत्या, फोटोवरचं तर एका बोटाने निघतं, हातावरचं निघत नाही. ते लेसरचं काम, त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. सावळ्या कातडीवर लेसरने डाग पडू शकतात, म्हणून आधीच विचारलेलं बरं.

शाई काळीच असायची, काजळीची. काळा कण कातडीत खोल असला की वरच्या थरातून निळा उजेड जास्त परत येतो आणि काळं निळसर दिसतं. वर गव्हाळ कातडीचा पिवळट गाळणा, म्हणून डोळ्याला हिरवट भासतं. आजच्या शाईतही काळा बहुतेक कार्बनचाच असतो, तेव्हा काही वर्षांनी थोडी निळसर झाक गृहीत धरायला हरकत नाही.

छापखाना_वाला

पडद्यावरचं माप हा आमचा रोजचा वैताग, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली. फोटो फोनवर झूम करून बघू नका. खरं कार्ड पडद्याशी धरा आणि फोटोतलं कार्ड त्याच्याएवढं होईपर्यंत चिमटीने लहान-मोठं करा. आता दिसतेय ती नक्षी खऱ्या मापाची. फोन हातभर लांब धरा. पाच रेषांचा चौथरा तिथून एकच जाड पट्टी दिसत असेल, तर हातावरही तेच दिसणार.

दुसरी जास्त महत्त्वाची. हात सपाट नाही, फोटो सपाट आहे. वृंदावन हात सोडल्यावर सरळ दिसावं असं ठेवलं तर चौथरा मनगटाकडे येतो. म्हणजे नक्षीचा सगळ्यात रुंद भाग हाताच्या बारीक बाजूला. तिथला घेर टेपने मोजा. समजा 18 सेंटिमीटर आला. 6 सेंटिमीटरचा चौथरा घेराचा तिसरा हिस्सा व्यापणार, आणि त्याच्या दोन्ही कडा समोरून निम्म्याच रुंद दिसणार, कारण तिथे कातडी वळून बाजूला गेलेली असते. फोटोवर सपाट चिकटवलेल्या चौथऱ्याचे कोपरे मात्र ऐटीत समोर बघत असतात. चौथरा 4.5 सेंटिमीटर केला तर घेराचा पाव हिस्सा होतो आणि कडा सुमारे 70 टक्के रुंदीच्या दिसतात, ते चालून जातं. फोटोवर दाखवताना Warp ने दोन्ही कडा आत ढकला, नाहीतर आकार बरोबर असूनही चित्र खोटं पडतं.

सोपी चाचणीही आहे. ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढा, प्रिंटच्या खिडकीत Fit नको, Actual size हवं. कागद हाताला गुंडाळून फोटो काढा. हात वरून जाड, खाली बारीक, त्यामुळे कागदाचा चौथरा नीट बसत नाही, एक बाजू तिरकी होते. तेवढी वक्रता कलाकाराला नक्षीतच द्यावी लागते.

लोकमान्यनगरकर

म्हणजे सगळीच नक्षी तीनचतुर्थांश केली तर? 4.5 बाय पावणेसात.

रेघोट्या

मग रेषांमधली जागाही तीनचतुर्थांश होईल. 1 मिलिमीटरचा पाऊण मिलिमीटर. शाई काही वर्षांत दोन्ही बाजूंना थोडी पसरतेच, आणि एवढ्या जागेत आधी चौथरा काळवंडतो, मग मधल्या पणत्या. फोटोवर हे दाखवता येतं. गिंप या फोटो-एडिटरमध्ये नक्षीची निवड करून Select > Grow मध्ये 4 पिक्सेल द्या आणि भरा. 15 पिक्सेलला मिलिमीटर धरलं तर प्रत्येक बाजूने पाव मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. हा माझा कामचलाऊ आकडा आहे, हात आणि सुई बदलली की बदलतो. पण करून बघा, पाऊण मिलिमीटरच्या फटीत कातडी दिसायला जेमतेम जागा उरते.

उपाय म्हणजे रेषा कमी करा. पाचच्या तीन करा, मधली जागा दीड मिलिमीटर ठेवा. चौथऱ्याची उंची तीच राहते, 3 मिलिमीटर, आणि पायऱ्या ओळखू येतात.

काळा_चहा

आणि रेष जाड ठेवा. सावळ्या हातावर बारीक रेष दिसतच नाही, सात सुयांच्या लाइनरखाली जाऊच नये.

रेघोट्या

इथे पूर्ण सहमत नाही. बारीक काळी रेष सावळ्या हातावर जवळून चांगली दिसते, लांबून हरवते. म्हणून बाहेरची आकृती जाड आणि आतल्या रेषा बारीक, असं दोन जाडीत काम करता येतं. या वृंदावनाला बाहेरून सात सुया, आत तीन किंवा पाच. आतही सात घेतल्या तर वर मोकळी केलेली जागा पुन्हा भरून जाईल.

काळा_चहा

पाच ठीक. तीनची रेष दहा वर्षांनी बघा, मग बोलू.

फुलवात

माझ्या हाताचा पुढून सेल्फी काढला होता, त्यावर नाव बसवलं, तर घड्याळ दुसऱ्याच हातात! नंतर कळलं फोटो उलटा सेव्ह झालाय. अक्षरं असतील तर मागच्या कॅमेऱ्यानेच काढा. माझा दुसरा प्रश्न, पणत्यांच्या ज्योतीला पांढरा ठिपका हवाय. Multiply मध्ये पांढरं दिसतच नाही, बिघडलंय का काही?

रेघोट्या

बिघडलेलं नाही, Multiply मध्ये पांढरं अदृश्यच होतं. पांढऱ्यासाठी वेगळा Normal लेयर करतात, पण तो चकचकीत पांढरा फोटोतच राहतो. सावळ्या कातडीखाली पांढरी शाई मळकट, कातडीच्या रंगाकडे झुकलेली दिसते. पिवळ्याचंही तेच. ज्योत हवी असेल तर तिची बाह्यरेषा काढून आतली कातडी मोकळी सोडा. लाल चालेल, पण फोटोत त्याचा भडकपणा निम्म्यावर आणून बघा.

छापखाना_वाला

जागेचं राहिलंच. मनगटाच्या घडीपासून निदान दोन-तीन सेंटिमीटर सोडा, घडीवर रेष लवकर फिसकटते. इथे नक्षी लहान झालीच आहे, तर अख्खी कोपराकडे सरकवा. घेर वाढेल, पिळ कमी होईल.

लोकमान्यनगरकर

सरकवून, तीन रेषा करून, गडद करड्याने Multiply वर बसवलं. तळवा मांडीकडे असलेल्या फोटोत वृंदावन जवळजवळ बाजूला जातंय, समोर केला की मधोमध येतं. मधोमध कोणत्या फोटोप्रमाणे धरायचं?

काळा_चहा

सैल सोडलेल्या.

रेघोट्या

आतल्या बाजूचा टॅटू लोक हात उलटा करूनच दाखवतात, तिथे मी तळवा समोरचा फोटो धरेन. दोन्ही जागी स्टेन्सिल लावून आरशात बघा. स्टेन्सिल पुसता येतं, कलाकाराने कुरकूर केली तरी दोनदा लावायला सांगा.