‘ओके थँक्स’ला किती टोकन जातात?

«आमचा बॉट प्रत्येक उत्तराआधी ‘नक्कीच, मी मदत करतो’ म्हणतो. ते काढलं तर बिल किती उतरेल?»

थोडं उतरेल, पण खरी गळती दुसरीकडे आहे. समजा, ते वाक्य २५ टोकनांचं आहे आणि संभाषणात सहा उत्तरं आहेत. म्हणजे आउटपुट १५०. शिवाय जुनी उत्तरं प्रत्येक फेरीत पुन्हा इनपुट म्हणून जातात, त्याचे आणखी ३७५. १० हजार संभाषणांत १५ लाख आउटपुट, साडेसदतीस लाख इनपुट.

आता ग्राहकाचं शेवटचं ‘ओके थँक्स’ बघा. त्या दोन शब्दांसाठी सिस्टम प्रॉम्प्टचे १५०० आणि आधीच्या गप्पांचे ५०० टोकन पुन्हा मॉडेलकडे जातात. तितक्याच संभाषणांत २ कोटी! (प्रॉम्प्ट कॅशिंग असेल तर पैसे कमी लागतात, शून्य नाही.)

असे निरोप मॉडेलपर्यंत जाऊच देऊ नका, कोडमध्येच ओळखून ठरावीक उत्तर द्या. फक्त बॉटचा आधीचा संदेश प्रश्न होता का, ते तपासा. ‘ऑर्डर रद्द करू का?’वरचं ‘ओके’ म्हणजे आभार नव्हे, होकार असतो.