फेरिटिन ९, गोळीने पोट बिघडतंय. कोणती घेऊ?

वय ३४, परभणी. केस मुठीनं गळायला लागले म्हणून तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन ११.६, फेरिटिन ९. थायरॉईड नॉर्मल. पाळीत रक्तस्राव जास्त असतो, त्यावर वेगळा उपचार चालू आहे. गरोदर नाही, ॲसिडिटीची गोळी घेत नाही.

डॉक्टरांनी फेरस ॲस्कॉर्बेट दिलं, १०० मिलिग्रॅम लोहाची गोळी, रोज एक, उपाशीपोटी. चौथ्या दिवसापासून मळमळ आणि असं बद्धकोष्ठ की विचारू नका. (शौच काळी होते, ते लोहामुळेच, त्याची काळजी नाही.) मग भाकरीसोबत घेऊन पाहिली. पोट शांत झालं, पण ज्वारी आणि जेवणानंतरचा चहा दोन्ही लोह शोषू देत नाहीत, म्हणजे अर्धी गोळी वायाच. चहा आता दोन तास लांब ठेवलाय, कॅल्शियम रात्री.

मेडिकलवाला म्हणतो फेरस बिसग्लायसिनेट घ्या, पोटाला सोसतं. पण त्या पट्टीवर लोह फक्त ३० मिलिग्रॅम आहे. दुसरीकडे मी वाचलं की तीच १०० ची गोळी एक दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी अनुभव हवेत.

ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी सांगा: एक दिवसाआड घेऊन पोट सुधारलं का, की गोळीच बदलावी लागली? आणि तीन महिन्यांनी फेरिटिन किती चढलं, केस गळणं त्यानंतर किती दिवसांनी कमी झालं?