मदत हवी आहे: लूपमध्ये I2 उणे आला की बाणाचं काय करायचं?

डिप्लोमाच्या पेपरची तयारी करतोय. एकाच सर्किटची दोन उत्तरं येतायत.

डावीकडे 12 व्होल्टची बॅटरी आणि 2 ओहम, मधल्या फांदीत 8 ओहम, उजवीकडे 2 ओहम आणि 6 व्होल्टची बॅटरी. दोन्ही बॅटऱ्यांचं धन टोक वर आहे.

आधी नोडने सोडवलं. खालची तार शून्य धरली, वरच्या नोडमधून बाहेर जाणारे प्रवाह धन:

(V-12)/2 + V/8 + (V-6)/2 = 0

V = 8 आला, म्हणजे 8 ओहममधून 1 अँपिअर.

मग लूपने. I1 घड्याळाच्या दिशेने, I2 उलट दिशेने धरला, म्हणून मधून दोन्ही प्रवाह खालीच जातात:

10·I1 + 8·I2 = 12
8·I1 + 10·I2 = 6

I1 = 2, I2 = -1. उणे म्हणजे दिशा उलटी, म्हणून आकृतीत I2 चा बाण फिरवून 1 लिहिला आणि मधल्या फांदीत I1 + I2 = 3 अँपिअर काढले. पण मग 8 ओहमवरच 72 वॅट खर्च होतात आणि 12 व्होल्टची बॅटरी 2 अँपिअरने 24 वॅटच देते, तेव्हा 3 चुकीचंच. समीकरणं दोनदा तपासली, कॅल्क्युलेटरवरही तेच.

बाण फिरवला की बेरजेची वजाबाकी करायची, की बाण तसाच ठेवून शेवटपर्यंत -1 च वापरायचा? आणि पेपरात आकृतीतला बाण मध्येच बदलला तर गुण कापतात का?