व्हीपीएन बंद केलं तरी गेमचं लॉगिन अडतंय (बी विंग ग्रुप)

स्वाती, ३०४: आर्यनच्या लॅपटॉपवर गेमचं लॉगिन कधी होतं, कधी नुसतं फिरत राहतं. झालंच तर थोड्या वेळात डिस्कनेक्ट. यूट्यूब मात्र छान चालतंय. वायफायवाल्याला बोलावू का?

निखिल, ७०१: ताई, थांबा जरा. लॅपटॉपवर व्हीपीएन आहे का?

स्वाती, ३०४: हो, मित्राने एक फुकटचं टाकून दिलंय.

निखिल, ७०१: मग आधी तेच बघू. व्हीपीएन चालू असलं की गेमच्या सर्व्हरला आपला आयपी दिसत नाही, व्हीपीएनवाल्यांचा दिसतो. त्याच आयपीवरून कितीतरी अनोळखी लोक येत असतात, म्हणून काही गेम लॉगिनच अडवतात. आणि खेळताना व्हीपीएन तुटून पुन्हा जोडलं गेलं तर चालू खेळ तुटतो. यूट्यूब पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे तिथे तो खंड कळत नाही.

स्वाती, ३०४: पण त्याने बंद करून पाहिलं ना! तेव्हा तर यूट्यूबही बंद पडलं.

निखिल, ७०१: हे सांगितलंत ते फार बरं झालं. काही व्हीपीएनमध्ये Kill switch असतो. व्हीपीएन तुटलं की तो सगळं इंटरनेटच रोखून धरतो. काही ॲप विंडोजमध्ये स्वतःचा प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटच्या वाटेतला मध्यस्थ, लावतात आणि जाताना काढत नाहीत. मग सगळं त्या बंद पडलेल्या प्रॉक्सीकडेच जात राहतं.

आधी ॲपमध्ये Kill switch बंद करा, मग Disconnect. नुसती फुली दाबू नका, खाली घड्याळाजवळच्या चिन्हावर राइट क्लिक करून Quit करा. मग Settings, Network & internet, Proxy. तिथे Use a proxy server चालू दिसतंय का, आणि पत्ता काय आहे?

स्वाती, ३०४: चालू आहे. 127.0.0.1 लिहिलंय.

निखिल, ७०१: हा पत्ता म्हणजे तुमचाच लॅपटॉप. ॲप बंद झाल्यावर तिथे उत्तर द्यायला कोणी नाही. ते Off करा, गेम आणि त्याचा लाँचर पूर्ण बंद करा, रीस्टार्ट करून लॉगिन करा. सुरू होताना व्हीपीएन आपोआप चालू झालं नाही ना, तेही बघा.

मंदार, २०२: निखिल, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर मुलगी हाच गेम खेळते. तिथेही प्रॉक्सी काढू?

निखिल, ७०१: नको दादा. तो ऑफिसच्या आयटीने लावलेला असू शकतो, काढलात तर कामाच्या साइट कदाचित उघडणार नाहीत. तिला दुसऱ्या लॅपटॉपवर खेळू द्या.

स्वाती, ३०४: झालं लॉगिन! अर्धा तास खेळतोय, एकदाही तुटलं नाही 🙏

निखिल, ७०१: वा! आता एकदा व्हीपीएन मुद्दाम चालू करून बघा. पुन्हा अडलं तर कारण नक्की तेच. नाही अडलं, तर प्रॉक्सी किंवा गेमचा सर्व्हर, दोन्ही शक्यता उरतात.

स्वाती, ३०४: चालू केलं. लॉगिन पुन्हा फिरतंय.

निखिल, ७०१: मग काढूनच टाका ते. अनइन्स्टॉल झाल्यावर Proxy चं पान परत एकदा उघडून बघा.