दहा वर्षांची पीक विम्याची वही: भरले 14 हजार, आले 31 हजार, तरी शंका का?

सोयाबीनवाला, दारव्हा तालुका

2016 च्या खरिपापासून 2025 पर्यंत दहा खरीप झाले. पाच एकर सोयाबीन, म्हणजे दोन हेक्टर, आणि एकही वर्ष विमा चुकवला नाही. परवा सगळी पासबुकं अन् पावत्या काढून हिशेब लावला. भरले 14,362 रुपये. चार वेळा मिळून आले 31,850. मुलगा म्हणतो, दुपटीच्या वर आले म्हणजे फायद्याचंच आहे, यंदाही भरू. माझं मन घेत नाही. एवढ्या हिशेबावर यंदाचं ठरवता येतं का?

पऱ्हाटीवाला

भाऊ, याच्यात इचार कायचा कराचा? दोन टक्के भराचे न् दुप्पट घ्याचे. मायी पऱ्हाटी हाय, मीबी हिशेब ठेवला. भरले अठरा हजार, आले चाळीस. मांगच्या दिवाळीच्या टायमाले तर एकदमच सतरा हजार खात्यात पडले. कोनती बँक देते एवढं? भरून टाका, काही डोकं लावू नका.

पुण्यातला पुतण्या

काका, पॉलिसीची मुदत किती वर्षांची आहे? शेवटी मिळणारा बोनस यात धरलाय का? मुदत संपायच्या आधी बंद केली तर भरलेल्यातलंही कापतात, त्यामुळे मध्येच सोडू नका.

सोयाबीनवाला

बाबा, हा पीक विमा आहे. दर हंगामाला नव्याने भरायचा, हंगाम संपला की संपला. बोनस नाही, मुदत नाही.

माजी गटसचिव

मी बावीस वर्षं सोसायटीत होतो, विम्याचे अर्ज आणि याद्या याच हातांनी भरल्या. दोघांच्याही हिशेबात मला खोट दिसते.

आधी पऱ्हाटीवाले भाऊ. ते सतरा हजार म्हणजे दोन हेक्टरचे हेक्टरी साडेआठ हजाराने बरोबर होतात. ते अतिवृष्टीचं अनुदान असणार. ते ज्यानं विमा काढलाच नाही त्यालाही मिळतं. पासबुकात दोन्ही रकमा एकाखाली एक पडतात म्हणून मिसळतात. प्रत्येक जमेची रक्कम त्या वर्षीच्या विमा अर्ज क्रमांकाशी जुळवून पाहा, जुळली नाही तर विम्याच्या खान्यात लिहू नका. सतरा हजार काढले की तुमचे चाळीसाचे तेवीस होतात. आणि दोन टक्के सोयाबीनला आहे, कापसाला पाच टक्क्यांपर्यंत जातो.

आता धागा काढणारे दादा. तुमची बेरीज चूक नाही, पण दहा वर्षं एकाच विम्याची नाहीत. 2023 आणि 2024 ला एक रुपयात विमा होता, तो आता नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 2025 च्या खरिपापासून आपल्या राज्यात फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरची भरपाई राहिली. बहात्तर तासांत तक्रार करायची ती स्थानिक आपत्ती, काढणीनंतर वावरात भिजलेला माल, हंगामाच्या मध्यातली आगाऊ रक्कम, हे सगळं काढून टाकलं. चार वेळा पैसे आले म्हणता, तर प्रत्येक वेळी कशाबद्दल आले ते लिहा. मग बोलू.

नाल्याकाठचं वावर

मायं वावर नाल्याले लागून हाय. 2022 च्या जुलैत रात्री पानी घुसलं, सकाळी पाह्यलं तं सोयाबीनच्या ओळीच दिसत नव्हत्या, नुसता गाळ. तिसऱ्या दिवशी फोन लागला. आठ दिवसांनी पंचनाम्यावाला आला, तोवर वावर वाळलं होतं. तरी काही तरी भेटलं. आता तेबी बंद म्हणता? मंग आमच्यासारख्याईनं कायले भराचा? मंडळात बाकीच्याईचं पीक उभं राह्यलं तर मले काय भेटनार?

माजी गटसचिव

तुम्हाला यात जवळपास काहीच मिळणार नाही, हे मी तोंडावर सांगतो. मंडळाची सरासरी ठीक राहिली की एका नाल्याच्या काठचं नुकसान त्या सरासरीत बुडून जातं.

सोयाबीनवाला

लिहून काढलं. 2019 चे 8,600 आले ते सोंगून वाळत ठेवलेलं सोयाबीन परतीच्या पावसात भिजलं त्याचे. 2021 चे 6,450 स्थानिक आपत्तीचे, तक्रार मुलानं मोबाइलवरून केली होती. 2022 चे 3,900 तेही तसेच. 2023 चे 12,900 मात्र तक्रार न करता आले, सगळ्या गावालाच आले. त्या वर्षी ऑगस्टभर पाऊस नव्हता, नंतर पिवळा मोझॅक आला.

माजी गटसचिव

मग आता वही दुसऱ्यांदा मांडा, आजचा नियम दहाही वर्षं होता असं धरून. जमेला फक्त 2023 चे 12,900 राहतात. बाकीचे 18,950 ज्या दारांनी आले ती दारं आता बंद आहेत. खर्चाच्या बाजूला एक-एक रुपयाची दोन वर्षं काढून तिथे सुमारे दोन-दोन हजार घाला, कारण आता पूर्ण हप्ता आहे. 14,362 चे 18,360 होतात. अठरा हजार भरून तेरा हजार. तुमच्या मनाला जे खटकत होतं ते हेच.

भरपाई कधी सुरू होते तेही पाहा. मंडळाच्या मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घेतात, त्यांची सरासरी काढतात आणि तिचे सत्तर टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. समजा सात वर्षांचं हेक्टरी उत्पन्न किलोत 1200, 600, 1100, 900, 1150, 500, 1000 असं आहे. 600 आणि 500 गळाली. उरलेल्या पाचांची सरासरी 1070, तिचे सत्तर टक्के 749. आपल्या भाषेत एकरी तीन क्विंटल. म्हणजे सगळ्या मंडळाची सरासरी एकरी तीन क्विंटलच्या खाली गेल्याशिवाय एक रुपयाही नाही. तुम्हाला साडेतीन झालं, लागवडीचा खर्चही निघाला नाही, तरी विम्याच्या लेखी नुकसान शून्य.

आणि सरासरी 600 वर आली तर? 749 मधून 149 कमी, म्हणजे सुमारे वीस टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी 58,000 धरली तर हेक्टरी साधारण 11,500 मिळतील. पीक नेहमीच्या 1070 वरून 600 वर आलं, जवळपास 44 टक्के गेलं, भरपाई मात्र वीस टक्क्यांची.

कृषीवाली ताई, वाशीम

सचिव काका, उंबरठ्याचं तुमचं गणित बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

एक तर तुमच्या दुसऱ्या वहीत एक भोक आहे. जुन्या नियमात एकाच हंगामात स्थानिक आपत्तीची रक्कम मिळाली आणि मंडळाची भरपाईही बसली, तर मंडळाची जास्त असेल तेव्हा फक्त वरचा फरक मिळायचा. मंडळाची कमी असेल तर ती पासबुकात दिसतच नाही. 2021 च्या सप्टेंबरातल्या पावसानं दादांच्या मंडळाचं उत्पन्न उंबरठ्याखाली गेलं असेल, तर 6,450 पैकी काही भाग आजच्या नियमातही मिळाला असता. पासबुक पाहून हे कळणार नाही. मंडळाचं 2021 चं जाहीर उत्पन्नच पाहायला हवं.

दुसरं म्हणजे दहा वर्षांत मंडळ पडलं ते एकदाच. एका घटनेवरून दर काय काढणार? ते एकदाऐवजी दोनदा झालं असतं तर तुमची वही उलटी झाली असती. विमा वाईट वर्षासाठी असतो. भरले किती आणि आले किती हा प्रश्नच मला नीट वाटत नाही. ज्या वर्षी घरात ज्वारीसुद्धा विकत घ्यावी लागली त्या वर्षी विम्यानं किती आधार दिला, हे विचारा. माझ्या वडिलांना 2023 चे पैसे आले ते पुढच्या पेरणीच्या तोंडावर. त्याच पैशात बियाणं झालं, सावकाराकडे जावं लागलं नाही. ती रक्कम वहीत तेवढीच दिसते, पण ती कोणत्या दिवशी आली त्याला मोल आहे.

माजी गटसचिव

2021 चं तुमचं म्हणणं मान्य, ते माझ्याकडून सुटलं. पण बाकीचं नाही. आधाराचंच विचारायचं तर वहीत आणखी एक खाना लागेल, स्वतःच्या वावरातलं एकरी उत्पन्न. दहा वर्षांत किती वेळा आपलं पीक गेलं आणि पैसे आले, किती वेळा आपलं गेलं आणि आले नाहीत, हे मोजा. दादांचं 2019, 2021, 2022 आणि 2023 असं चार वेळा गेलं. आजच्या नियमात त्यातल्या एकाच वेळी हात मिळाला असता, 2021 धरलं तर दोनदा. चारात एकदा मिळणारा आधार मी आधार म्हणत नाही. तेच दोन हजार दरवर्षी बाजूला ठेवले तर वाईट वर्षी मंडळाची वाट पाहावी लागणार नाही.

कृषीवाली ताई, वाशीम

बाजूला ठेवलेले दोन हजार जूनमध्ये खतात जातात, काका. तुम्ही इतकी वर्षं सोसायटीत काढली, तुम्ही हे माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. आणि शेतकरी दोन टक्केच भरतो, खरा दर त्याच्या कितीतरी वर असतो, उरलेलं केंद्र आणि राज्य भरतं. आपण सोडलं की ते अनुदानही सुटतं.

पऱ्हाटीवाला

सतरा हजाराचं सचिवसायबाचं खरं निघालं. पोराले पासबुक दाखवलं, विम्याच्या अर्जाशी जुळलं नाही. तरी तेवीस आले अठराच्या बदल्यात, मी भरनारच. अन् रानडुकराचं काय? केंद्रानं 2026 च्या खरिपापासून जंगली जनावराच्या नुकसानीले विमा देऊ असं जाहीर केलं ना?

कृषीवाली ताई, वाशीम

केंद्रानं जाहीर केलंय, पण तो भाग स्थानिक नुकसानीत बसतो आणि राज्यानं अधिसूचनेत घेतला तरच मिळेल. अर्ज भरण्याआधी यंदाची राज्याची अधिसूचना वाचा. त्यात स्थानिक आपत्ती परत आली असेल तर नाल्याकाठच्या दादांचंही उत्तर बदलेल.

नाल्याकाठचं वावर

वाचून दाखवा म्हनजे झालं. तोवर मी भरत नाही.

सोयाबीनवाला

सोमवारी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातो. मंडळाचं सात वर्षांचं सोयाबीनचं उत्पन्न, यंदाचं उंबरठा उत्पन्न आणि 2021 ची जाहीर सरासरी, हे तीन आकडे मागतो. माझ्या वावराचं उत्पन्न मात्र पाच वर्षांचंच लिहिलेलं सापडलं. 2016 ते 2020 चं बाजार समितीच्या काटापट्ट्यांवरून काढावं लागेल, त्यात घरी बियाण्याला ठेवलेलं धरलेलं नसेल. ते किती होतं हे बायकोला आठवत असेल, कोठीची मोजणी तिच्याकडेच असायची. आकडे मिळाले की इथेच टाकतो.